फोन ऐंशीवरच का उठतो?

रात्री साडेअकराला फोन चार्जिंगला लावला, सकाळी उचलला आणि स्क्रीनवर ८० टक्के! पहिला संशय चार्जरवर जातो, दुसरा केबलवर आणि तिसरा रूममेटवर. रात्री आपला फोन काढून त्यानं स्वतःचा लावला असणार, हे आपण जवळजवळ ठरवूनच टाकतो. तेही नसेल तर मग बॅटरी गेली, आता दुकानात न्यावा लागणार, खर्च!

थांबा. बऱ्याचदा यातलं काहीच झालेलं नसतं. चार्जर रात्रभर नीट चालू असतो, बॅटरी धडधाकट असते आणि रूममेट तर घोरत असतो. फोन ऐंशीला पोचल्यावर स्वतःहून थांबलेला असतो. आयफोनमध्ये २०१९च्या आयओएस १३पासून ही सोय आहे, तिचं नाव Optimized Battery Charging. पिक्सेल फोनमध्ये ती २०२०च्या शेवटी आली आणि सॅमसंगमध्ये ती Battery protection या नावाखाली सापडेल. आयफोनवर ती बहुतेक वेळा आधीपासूनच चालू असते, त्यामुळे ‘मी तर काहीच सेटिंग केलं नाही’ हे तुमचं म्हणणंही खरंच असतं.

थांबायचं कारण समजून घ्यायला लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूकडून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. सुरुवातीला डबा रिकामा असतो, माणसं भराभर आत शिरतात. शेवटची माणसं मात्र रेटून, अंग चोरून घुसवावी लागतात. म्हणून चार्जरही शेवटच्या टप्प्यात करंट हळूहळू कमी करत नेतो. शून्यापासून पन्नासपर्यंत झपाट्यानं जाणारा फोन ऐंशीनंतर रेंगाळतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

पण खरी अडचण आत शिरण्याची नाही, तसंच ठासून भरलेलं राहण्याची आहे. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज सर्वांत जास्त असतो. त्या दाबाखाली आतला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, हळूहळू बिघडत जातो आणि चार्ज साठवायला लागणारं थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. फोन गरम असेल तर हे आणखी वेगानं होतं. ऐंशीवर व्होल्टेज बराच खाली असतो आणि झीज मंदावते. तेव्हा शंभरला पोचणं हा काही गुन्हा नाही. शंभरवर तासन् तास पडून राहणं बॅटरीला महागात पडतं.

आता हिशोब करू. तुम्ही पुण्यात हॉस्टेलवर राहता, रोज रात्री साडेअकराला ३० टक्क्यांवरचा फोन चार्जिंगला लावता आणि सकाळी साडेसातला काढता. साधा चार्जर असेल तर साडेबाराच्या सुमाराला ८० होतात आणि सव्वाच्या आसपास १००. तिथून साडेसातपर्यंत सहा तासांहून जास्त वेळ फोन शंभरवर नुसता बसून. रोजचे सहा तास म्हणजे वर्षभरात साधारण तीन महिने! नवी सोय काय करते? साडेबाराला ऐंशीवर थांबते, रात्रभर फोनला लागेल तेवढी वीज चार्जरकडून घेते आणि साडेसहाच्या सुमाराला उरलेलं चार्जिंग सुरू करते. तुम्ही सव्वासातला डोळे उघडता तेव्हा १००. तीन महिन्यांचे पंधरा दिवसांच्या आत आले आणि तुमचं काहीच गेलं नाही. मला ही कल्पना फार आवडते. यात तुम्हाला काही सोडावं लागत नाही, फक्त शेवटचे वीस टक्के पहाटेवर ढकलले जातात.

पण एक अट आहे. तुम्ही कधी उठणार, हे फोनला बरोबर ओळखता आलं पाहिजे. गोची इथेच आहे.

शनिवारी घरी जायला पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस पकडायची असते. तुम्ही पाचलाच फोन उपसता. फोनच्या अंदाजानं तुम्हाला उठायला अजून अडीच तास असतात, म्हणून तो ऐंशीवरच असतो. तुमची बॅटरी पाच हजार एमएएचची असेल तर हजार एमएएच बाकी राहिले. एरवी सकाळी सातला निघालेला फोन रात्री दहापर्यंत टिकत असेल, तर पंधरा तासांतले तीन तास इथेच गेले. तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, घरी पोचल्याचा फोनही फोनमधूनच करायचा! हे ‘बॅटरीची काळजी’ या नावाखाली झालं असलं, तरी त्या दिवशी भुर्दंड तुम्हालाच.

आणि कॉलेजच्या मुलांचं वेळापत्रक म्हणजे काय सांगावं! सबमिशनच्या आठवड्यात पहाटे चारला झोप, मग पीएल, मग सकाळची प्रॅक्टिकल. ऑफिसला रोज त्याच वेळी निघणाऱ्या माणसासाठी ही सोय उत्तम चालते. आयफोनबद्दल ॲपलच सांगतं की तुमची सवय शिकायला किमान १४ दिवस लागतात आणि त्या ठिकाणी पाच तास किंवा त्याहून जास्त वेळाची किमान ९ चार्जिंग व्हावी लागतात. ठिकाणही महत्त्वाचं. तुम्ही जिथे सर्वाधिक वेळ असता तिथेच ती लागू होते, प्रवासात नाही. म्हणूनच दिवाळीत चार दिवस मामाकडे गेलात की तिथे फोन गुमान शंभर होतो आणि हॉस्टेलवर परतलात की पुन्हा ऐंशी. मामाकडची वीज जास्त चांगली असते, असला निष्कर्ष कृपया काढू नका. (तो काढणारे मी ऐकले आहेत.)

पिक्सेलनं सुरुवातीला वेगळा मार्ग धरला होता, तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. रात्री नऊनंतर चार्जिंगला लावलेला असेल आणि पहाटे पाच ते सकाळी दहामधला अलार्म लावलेला असेल, तरच फोन ढिलाई करायचा. अलार्म म्हणजे तुम्ही स्वतः दिलेला शब्द. सवय म्हणजे तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणी बांधलेला अंदाज. माझं म्हणणं इतकंच आहे की चार्जर लावताक्षणी स्क्रीनवर एक ओळ यावी, ‘उद्या किती वाजता निघणार?’, आणि उत्तर दिलं नाही तरच फोननं अंदाज बांधावा. इतकी साधी गोष्ट अजून सगळीकडे का नाही, हे मला कळत नाही.

तोवर तुम्ही काय कराल? सोय कायमची बंद करू नका. अवेळी उठायचं असेल त्या रात्रीपुरतीच तिला रजा द्या. आयफोनवर फोन कधी पूर्ण होणार हे सांगणारी सूचना लॉक स्क्रीनवर येते. ती दाबून धरली की Charge Now दिसतं, ते दाबलं की त्या रात्रीपुरता फोन सरळ शंभरपर्यंत जातो. इतर फोनवर सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानात जाऊन ती झोपण्याआधी बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू.

एक वेगळी शक्यताही तपासा. ऐंशीवर अडण्याचं कारण दर वेळी हेच असतं असं नाही. मे महिन्याच्या दुपारी जाड कव्हरसकट उशीखाली चार्ज होणारा फोन तापतो आणि तापलेला आयफोनही ऐंशीच्या वर जायला नकार देऊ शकतो. त्याची ओळख सोपी. फोन हाताला गरम लागतो आणि थंड झाल्यावर चार्जिंग पुन्हा सुरू होतं. तिसरं कारण वीज. ही सोय शेवटचे वीस टक्के पहाटेसाठी राखून ठेवते आणि नेमकी पहाटे वीज गेली तर तुम्ही ऐंशीवरच राहता. पूर्वी रात्री दीडला फोन भरून व्हायचा, म्हणून पहाटेच्या वीज जाण्याचं काही वाटायचं नाही. जिथे पहाटे वीज हमखास जाते, तिथे मी तरी ही सोय बंद ठेवेन.

आता मुख्य वादाचा मुद्दा. काही फोनमध्ये याहून कडक पर्याय आहे, कायमची ऐंशीची मर्यादा. आयफोन १५पासून तो आहे आणि काही सॅमसंग फोनमध्येही. हॉस्टेलवर हल्ली तो लावण्याची फॅशन आहे, ‘बॅटरी हेल्थ’ ९९ ठेवायची म्हणून. पण एकदा हिशोब करून बघा. बॅटरीची क्षमता घसरून ऐंशी टक्क्यांवर येईल, या भीतीनं तुम्ही आजपासूनच रोज ऐंशी टक्केच वापरताय! पाच हजारांची बॅटरी थकून चार हजारांची झाली, की तुम्हाला दिवसभरासाठी चार हजार मिळतात. नव्या बॅटरीवर मर्यादा लावली तरीही चार हजारच मिळतात. दोन-तीन वर्षांनी होऊ शकणारं नुकसान तुम्ही आजच स्वेच्छेनं भरायला लागलात. त्यातून ॲपल आयफोन १५बद्दल सांगतं की आदर्श परिस्थितीत १००० पूर्ण चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता उरावी, अशी ती बनवलेली आहे.

अर्थात ज्यांना ऐंशी पुरतात त्यांच्यासाठी ती मर्यादा छान आहे. दिवसभर लायब्ररीत प्लगशेजारी बसता, फोन पाच वर्षं वापरायचा आहे, मग खुशाल लावा. ज्यांचा दिवस विरार ते चर्चगेट आणि परत असा असतो, त्यांनी का लावावी? त्यांच्यासाठी रात्री थांबून पहाटे भरणारा फोनच बरा. फक्त उठायची वेळ बदलेल त्या रात्री तेवढं Charge Now दाबायचं.

आणि हो, मर्यादा लावूनही एखाद्या सकाळी आयफोन १०० दाखवत असेल तर ‘सेटिंग बिघडलं’ म्हणून दुकान गाठू नका. बॅटरीत नेमका किती चार्ज उरलाय याचा फोनचा अंदाज हळूहळू चुकत जातो. तो दुरुस्त करायला फोन अधूनमधून स्वतःच शंभरपर्यंत जातो आणि पुढच्या रात्री पुन्हा ऐंशीवर थांबतो.