तीन नळ्या, एक शेपटी

१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान ३७,००० फुटांवर होते. विमान डीसी-१० जातीचे, आत २९६ माणसे. दुपारी सव्वातीनच्या सुमारास शेपटीतल्या इंजिनाचा स्फोट झाला. उरलेली दोन्ही इंजिने धडधाकट होती, पण वैमानिकांच्या हातातला दांडा निर्जीव झाला होता.

या घटनेचा इतिहास बहुधा कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शौर्याचा म्हणून सांगितला जातो. तो खराच आहे, पण अपुरा आहे. शौर्याची वेळ का आली, याचे उत्तर विमानाच्या आराखड्यात दडलेले आहे.

एवढ्या मोठ्या विमानाचे सुकाणू आणि पंखांवरच्या झडपा वाऱ्याविरुद्ध वळवणे माणसाच्या मनगटाला झेपत नाही. ते काम दाबाखालचे तेल करते. हा दाब चौरस इंचाला सुमारे ३,००० पौंड, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट असतो. हे तेल गेले तर सारेच गेले. डीसी-१० मध्ये तर वैमानिकाच्या बळावर चालणारी पर्यायी व्यवस्थाही नव्हती. म्हणून तिथे हायड्रॉलिक यंत्रणा एक नव्हे, तीन होत्या. प्रत्येकीची टाकी, पंप आणि नळ्या स्वतंत्र. एका यंत्रणेचा पंप बंद पडला, तर दुसरीच्या दाबावर फिरणारी मोटर तिचा पंप चालवी. मात्र एकीचे तेल दुसरीत मिसळत नसे. एक फुटली तर बाकीच्यांनी रिकामे होऊ नये, याची ही काळजी होती.

यामागचे गणित मोहक आहे. समजा, एक यंत्रणा हजारातून एकदा बिघडते. मग तिन्ही एकाच वेळी बिघडण्याची शक्यता अब्जात एक. असे संकट इतके अशक्यप्राय मानले गेले की त्यासाठी वैमानिकांच्या पुस्तिकेत कार्यपद्धतीच नव्हती.

पण हा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा तिन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात. तिन्ही यंत्रणांना शेपटीतले भाग हलवायचे होते, त्यामुळे तिघींच्याही नळ्या शेपटीत एकत्र येत होत्या. इंजिनाच्या पुढच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली. धातू घडवतानाच राहिलेल्या एका दोषापासून तिच्यात भेग वाढत गेली होती आणि तपासणीत ती सापडली नव्हती. दुसऱ्या यंत्रणेचे पंप त्याच इंजिनावर होते, ते निकामी झाले. उडालेल्या तुकड्यांनी उजव्या आडव्या शेपटीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या यंत्रणेच्या नळ्या कापल्या. कारण एकच, बळी तीन. अब्जाचा हिशेब कागदावरच राहिला.

पुढची सुमारे पाऊण तास दोन इंजिनांची शक्ती कमी-जास्त करून विमान वळवले गेले. प्रवाशांत असलेले प्रशिक्षक-वैमानिक डेनी फिच यांनी ते काम हाती घेतले. सू सिटीच्या धावपट्टीवर टेकताना उजवा पंख आधी लागला आणि विमान मोडून पेटले. १८४ माणसे वाचली, ११२ गेली. नंतर सिम्युलेटरवर अनुभवी वैमानिकांकडून प्रयोग करवले गेले. अशा अवस्थेत सुरक्षित उतरण्याचे प्रशिक्षण देणे जवळजवळ अशक्य, असा निष्कर्ष निघाला.

या साऱ्याला दुर्दैव म्हणणे सोपे आहे, पण ते पटण्यासारखे नाही. कारण इशारा चार वर्षे आधीच मिळाला होता. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ मध्ये मागची दाबभिंत फुटली. सात वर्षांपूर्वी तिची दुरुस्ती चुकीची झाली होती. त्या विमानात तीन नव्हे, चार यंत्रणा होत्या. शेपटीत चौघींच्या नळ्या तुटल्या, तेल वाहून गेले आणि ५२० जणांचा मृत्यू झाला. तिथे आकडा वाढवूनही काही साधले नव्हते, कारण जागा तीच होती. त्यानंतर ७४७ च्या शेपटीत एका यंत्रणेवर अशी झडप बसली की पुढे नळी फुटली तरी मागचे तेल अडून राहावे. डीसी-१० मध्ये मात्र १९८९ पर्यंत तसे काही नव्हते. दोन कंपन्यांची विमाने वेगळी, म्हणून धडाही वेगळा मानला गेला, असेच म्हणावे लागते.

सू सिटीनंतर डीसी-१० च्या तिसऱ्या यंत्रणेत शेपटीच्या अलीकडे बंद होणारी झडप आली. नळी किती साधी आणि उपाय किती छोटा!

खरा बदल मात्र २००५ साली उडालेल्या एअरबस ए-३८० मध्ये दिसतो. तिथे तेलाच्या मुख्य यंत्रणा तीनवरून दोन झाल्या. त्यांच्या जोडीला काही झडपांजवळच विजेवर चालणारे छोटे पंप बसले, प्रत्येकाचे थोडेसे तेल त्याच्यापाशीच. तिथवर जाते ती तार, लांबलचक नळी नव्हे. मुख्य नळ्या फुटल्या, तरी या पंपांतले तेल त्या वाटेने वाहून जात नाही.