निकाल सामानाच्या यादीतच लागतो

स्वयंपाकाच्या स्पर्धेत फेरी कोणी जिंकली, हे परीक्षकांचा चमचा ठरवतो असं आपण समजतो. हे अर्धसत्य आहे.

'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'मधली टेक्निकल फेरी बघा. सगळ्यांना एकच पदार्थ, तेच सामान आणि मुद्दाम अर्धवट ठेवलेली कृती मिळते. तयार पदार्थ आपापल्या फोटोमागे ठेवायचा. तो कोणी केला हे ठाऊक नसताना परीक्षक चव घेतात आणि शेवटच्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत निकाल सांगतात. चेहरा आणि आडनाव गळून पडतं. पण पदार्थ कोणता, हे परीक्षकांच्या बाजूनेच ठरलेलं असतं. ज्याच्या घरी तो नेहमी होतो, तो एक पाऊल पुढेच.

आता २०१५चा 'मास्टरशेफ इंडिया' आठवा. तो चौथा सीझन पूर्ण शाकाहारी होता. सुकट, वजडी, मटण करण्यात ज्यांचा हात बसलाय, त्यांचं कौशल्य तिथे कमी गुणांनी हरलं नाही. ते चाखलंच गेलं नाही. परीक्षक कितीही निःपक्षपाती असोत, समोर न आलेल्या ताटाला गुण कसे देणार?

म्हणून मित्रांनो, निकालावर भांडताना गुण नंतर मोजा. आधी विचारा, सामानाची यादी कोणी केली?