‘पासकी तयार करा’ असं मोबाईल विचारतोय. हो म्हणावं की नको?

गूगल खात्यात लॉगिन केलं की हल्ली बऱ्याच जणांच्या मोबाईलवर ‘पासकी तयार करा’ असं येतं. फसवणुकीच्या भीतीने लोक ‘आत्ता नको’ दाबून मोकळे होतात. भीती वावगी नाही, पण हा प्रकार खरा आहे. गूगलने मे २०२३ मध्ये वैयक्तिक खात्यांना पासकी दिली आणि ऑक्टोबर २०२३ पासून तोच लॉगिनचा पहिला पर्याय केला. पासवर्ड मागे पडून त्याच्या जागी नेमकं काय येतंय, ते समजून घेऊ.

पासवर्डची अडचण अशी, की तो दुसऱ्याला सांगावाच लागतो. समजा मेसेज आला, ‘तुमचे खाते बंद होणार, लगेच तपासा’. लिंक उघडली तर पान हुबेहूब गूगलचं. वर पत्त्यात मात्र google ऐवजी goog1e आहे, म्हणजे एल अक्षराच्या जागी एक आकडा. घाईत ते दिसत नाही. आपण पासवर्ड टाकतो, पाठोपाठ ओटीपीही टाकतो. चोर ते दोन्ही त्याच मिनिटाला खऱ्या गूगलवर टाकून आत शिरतो.

पासकीत सांगण्यासारखं काही उरतच नाही. ती तयार करताना मोबाईल दोन चाव्यांची जोडी बनवतो. एक खाजगी चावी आपल्याकडे राहते, दुसरी उघड चावी गूगलकडे जाते. बँकेत आपल्या नमुना सहीचं कार्ड असतं ना, तशीच ही उघड चावी समजा. फरक एवढाच, की नमुना बघून कुणी सहीची नक्कल करू शकतो. उघड चावीवरून खाजगी चावी काही काढता येत नाही. गूगलकडून ती चोरीला गेली तरी चोराला तिचा उपयोग नाही.

आता लॉगिन कसं होतं बघा. गूगल दरवेळी एक नवीन, कसलाही अंदाज न येणारा मोठा आकडा पाठवतं. मोबाईल आपलं बोट किंवा स्क्रीन लॉकचा पिन मागतो. तो जुळला की खाजगी चावीने उत्तरावर सही होते आणि फक्त ती सही परत जाते. गूगल उघड चावीने ती तपासतं. आकडा दरवेळी वेगळा, त्यामुळे कालची सही आज चालत नाही. बोटाचा ठसाही कुठे जात नाही. तो फक्त मोबाईलमधलं कुलूप उघडतो.

खरी गंमत पुढे आहे. पासकी google.com या पत्त्याला बांधलेली असते. goog1e असलेलं पान उघडलं तर ब्राउझर त्या पत्त्याची पासकी शोधतो आणि ती सापडतच नाही. आपली नजर फसली तरी मोबाईल फसत नाही. चोराने गूगलचा आकडा आणून आपल्यापुढे ठेवला तरी उपयोग नाही, कारण सही करताना पानाचा पत्ताही तिच्यात येतो आणि खोटा पत्ता तपासणीत पकडला जातो.

पण मागचं दार अजून उघडं आहे. पासकी केली तरी जुना पासवर्ड खात्यावर राहतो. म्हणून खोटं पान ‘पासकी चालत नाही, पासवर्ड टाका’ म्हणेल. नेहमी बोट मागणारं पान अचानक पासवर्ड मागायला लागलं, तर थांबा आणि वरचा पत्ता एकेक अक्षर वाचा. लिंकवरून आला असाल तर पान बंदच करा.

दुसरी गोष्ट स्क्रीन लॉकची. घरात सगळ्यांना पिन माहीत असेल, तर पासकीही सगळ्यांचीच झाली. सेवा केंद्राच्या किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पासकी कधीच तयार करू नका; तो कॉम्प्युटर ज्याला उघडता येतो, त्याला तुमचं खातंही उघडता येईल. तिथे लॉगिन करायचंच असेल तर ‘दुसरे डिव्हाइस’ हा पर्याय घ्या, क्यूआर कोड आपल्या मोबाईलने स्कॅन करा आणि काम झालं की लॉगआउट करा. यात दोन्हीकडचं ब्लूटूथ चालू आणि मोबाईल जवळ लागतो, त्यामुळे लांब बसलेल्या चोराने पाठवलेला कोड चालत नाही.

मोबाईल हरवला तर? अँड्रॉइडवर पासकी गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये कुलूपबंद जपली जाते आणि नव्या मोबाईलवर येते. पण तिथे जुन्या मोबाईलचा स्क्रीन लॉक किंवा पासवर्ड मॅनेजरचा पिन विचारला जातो. म्हणून तो विसरू नका, आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा.

यूपीआयचा पिन वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली खोटी एपीके फाईल इन्स्टॉल करून सगळ्या परवानग्या दिल्या, तर तिथे पासकी वाचवणार नाही.

पासकी करायचीच तर मेसेजमधल्या लिंकवरून नको. आपल्या हाताने g.co/passkeys टाईप करा, अँड्रॉइड ९ किंवा पुढचं हवं. तिथेच आपल्या नावावर कुठल्या कुठल्या डिव्हाइसची पासकी आहे ते दिसतं. ओळखीचं नसलेलं एखादं दिसलं, तर ते आधी काढून टाका.