दोघांच्या सहलीला तिसऱ्याचा सल्ला

सुट्ट्या जवळ आल्या की सल्लागारांना बहर येतो. परवा एका कार्यक्रमात अशाच एका जाणत्या वक्त्याने एकट्या पालकांची चिंता वाहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आई किंवा बाप एकटाच असेल तर त्याने मुलाला घेऊन स्वतःचं स्वतः फिरायला जाऊ नये, चांगल्या टूरबरोबर जावं. तिथे सुरक्षितता असते, मुलाला सोबत मिळते. दोघंच असल्याने खर्चही तो कितीसा होणार? शिवाय घरात जे कमी आहे ते सुटीत तरी भरून निघावं, म्हणून सहल झोकात करावी आणि भरपूर फोटो काढावेत, म्हणजे आठवणी राहतात. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या घरी दोन पालक आहेत त्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

मी सांगलीत राहतो. घरात मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी, एवढेच. त्यामुळे या उपदेशाचं गिऱ्हाईक मीच, आणि गिऱ्हाइकाला माल तपासून घ्यायचा हक्क असतो.

आधी त्या 'कितीशा' खर्चाचं बघू. टूरच्या जाहिरातीत माणशी दर ठळक छापलेला असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात 'ट्विन शेअरिंग' असतं. म्हणजे एका खोलीत दोघं राहणार असं धरून काढलेला दर. त्याच्या शेजारी मुलांचा कमी दर असतो, जादा पलंग न घेतल्यास. आता हिशेब करा. समजा सांगलीहून महाबळेश्वर, दोन रात्री, मोठ्या माणसाला ९,००० रुपये आणि बिनपलंगाच्या मुलाला ५,५०० रुपये. नवरा-बायको आणि एक मूल गेलं तर २३,५०० रुपये. मी आणि मुलगी गेलो तर साडेचौदा हजार व्हायला हवेत की नाही? होत नाहीत. कारण खोलीतला दुसरा माणूस आता माझी मुलगीच असते. मुलांचा दर हा खोलीत दोन मोठी माणसं आधीच भरलेली असतील तर तिसऱ्याला मिळतो. म्हणून तिचेही ९,०००, एकूण १८,०००. तिघांच्या घरात माणशी ७,८०० च्या आसपास पडतात, आमच्या घरात ९,०००. नऊ वर्षांची पोर कागदोपत्री माझी बायको होते आणि मोठ्यांचं भाडं भरते. आकडे कंपनीगणिक बदलतील, रीत बहुतेक ठिकाणी हीच. फोन करून विचारा : 'एक मोठा, एक मूल, एक खोली, एकूण किती?' समोरचा माणूस क्षणभर गप्प झाला तर समजा की असं कुटुंब त्याच्या तक्त्यातच नाही.

मुद्दा फक्त पैशांचा असता तर मी इतका वेळ घेतला नसता. त्या तक्त्यामागे एक गृहीतक आहे आणि सगळी सहल त्याच्यावर उभी असते : मोठी माणसं दोन. एकाने बॅगा धरायच्या, दुसऱ्याने पोराला. एक रांगेत, दुसरा सावलीत. एकाला ताप आला तर दुसरा आहेच. वाई सोडून गाडी पसरणीच्या घाटाला लागते तेव्हा हे गृहीतक उघडं पडतं. मुलीला मळमळायला लागतं. एका हाताने तिचं कपाळ धरायचं, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पाण्याची बाटली वरच्या फळीवर. ती देणारा तिसरा हात टूर कंपनीकडे नसतो. गाडी मध्येच थांबवता येत नाही, कारण पुढच्या पॉइंटची वेळ ठरलेली असते आणि मागच्या सीटवरच्या काकांना सूर्यास्त गाठायचा असतो.

आणि स्वच्छतागृह. हा विषय भाषणात कधी येत नाही. ढाब्यावर गाडी वीस मिनिटं थांबते. चाळीस माणसं उतरतात. बायकांच्या दारावर रांग लागते आणि बापाला त्या दारापलीकडे जाता येत नाही. मी बाहेर उभा राहून दर मिनिटाला तिचं नाव घेत राहतो आणि आत जाणाऱ्या एखादीला म्हणतो, 'मावशी, जरा लक्ष ठेवाल का? लाल फ्रॉकवाली.' मावशी ठेवतात, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पण याला टूरची सुरक्षितता म्हणायचं असेल तर ती मावशींची आहे, टूरची नव्हे. टूर मॅनेजर बसमध्ये डोकी मोजतो, आणि मोजणं म्हणजे सांभाळणं नव्हे. आठ-नऊ वर्षांचा मुलगा घेऊन निघालेल्या आईला हेच कोडं उलट्या बाजूने पडतं.

बाकीचे मुद्दे झटपट उरकतो. मुलाला सोबत मिळते म्हणे : बसमध्ये जी दोन मुलं असतील ती आपापल्या आई-बाबांच्या मधल्या जागेत बसलेली असतात. झोकात सहल केल्याने कमी भरून निघतं म्हणे : पोर हुशार असतं, भरपाई लगेच ओळखतं आणि मग तिचा दर वाढवत नेतं. फोटोंनी आठवणी राहतात म्हणे : दोघांच्या सहलीत फोटो काढणारा नेहमी एकच असतो, म्हणून आमच्या अल्बममध्ये बाप कुठेच दिसत नाही. आणि दिवाळीच्या पॅकेजवर कासच्या फुलांचं चित्र छापणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार. कासचा बहर ऑगस्टअखेरपासून फार तर ऑक्टोबरपर्यंत, दिवाळीत तिथे वाळकं गवत.

'टूर नको तर मामाचं गाव आहे की' असंही ऐकवलं जातं. मामा आता पुण्यात दोन खोल्यांत राहतो, मामी सकाळी साडेआठला ऑफिसला निघते आणि मामाच्या गावच्या विहिरीवर बिल्डरचा बोर्ड आहे. शिवाय बायको नसलेल्या जावयाला पाहुणचारात जी कीव वाढली जाते, ती पचायला जड असते.

तर मग करायचं काय? माझं उत्तर फार मोठं नाही. दुसरा मोठा माणूस नाही हे मान्य करायचं आणि त्याचं काम बेताकडून करून घ्यायचं. प्रवास तीनेक तासांचा, मुक्काम एकच, दिवसाला मोठी गोष्ट एकच, आणि पैशांचा एक वाटा बाजूला.

सांगलीकराला यासाठी सातारा उत्तम. एसटीने साधारण तीन तास, म्हणजे निघताना घरचं आणि पोहोचल्यावर लॉजचं स्वच्छतागृह, मधल्या ढाब्यावर भिस्त नाही. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे, एसटी मात्र गावातच उतरवते, त्यामुळे बॅगा घेऊन रिक्षा शोधणं वाचतं. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं, म्हणजे आई आणि मूल मिळून एका पूर्ण तिकिटात जातात. बापाला दीड पडतं, तक्रार नाही. रेल्वेत मात्र मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडं.

दोन्ही रात्री एकाच लॉजवर काढायच्या. खोली ठरवताना फोनवरच सांगायचं : 'मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी.' पलीकडून 'मॅडम नाहीत का?' असं आलं तर फोन ठेवायचा, 'मग काउंटरजवळची खोली देतो' असं आलं तर पैसे पाठवायचे. मुलीचं आधार कार्ड बरोबर हवंच.

पहिल्या दिवशी पोहोचून आराम आणि कंदी पेढे. दुसऱ्या दिवशी सकाळी सज्जनगड. शेवटच्या पायऱ्या पोरं धावत चढतात, समाधीचं दर्शन होतं, दुपारी प्रसादाचं जेवण मिळतं. तिसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून लिंबची बारा मोटांची विहीर. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली. पायऱ्या उतरून गेलं की विहिरीच्या पोटातच महाल आहे, आणि 'विहिरीत राहायला कोण जात असेल?' हा प्रश्न परतीच्या एसटीतही संपत नाही. इथे मी एक नियम पाळतो : वरच्या काठावर मुलीचा हात सोडायचा नाही, आणि मी स्वतः काठाशी वाकायचं नाही. मूल पडेल याची धास्ती सगळ्यांनाच असते. एकट्या पालकाने आणखी एक प्रश्न विचारायचा : मी घसरलो तर ही पोर पुढे काय करेल? उत्तर नसेल तर ती जागा टाळायची. म्हणून कधी ठोसेघरला गेलो तरी कठड्याच्या आतूनच बघायचं आणि अंधार पडताना अजिंक्यताऱ्यावर राहायचं नाही.

याच प्रश्नासाठी तिच्या खिशात एक चिठ्ठी असते : लॉजचं नाव, आत्याचा आणि शेजारच्या काकूंचा नंबर. लॉक न उघडता माझ्या मोबाइलवरून ११२ कसा लावायचा, हे घरीच तोंडपाठ करून घ्यायचं. आता खर्च, पुन्हा 'समजा' म्हणूनच : खोली दोन रात्रींची ३,६००, एसटी जाऊन-येऊन ६००, रिक्षा आणि स्थानिक फिरणं १,८००, खाणं २,७००, आणि तिच्या हातात ३००, ज्याचा हिशेब मागायचा नाही. झाले ९,०००. वर ४,००० वेगळे ठेवायचे. मी आजारी पडलो तर गाडी करून तडक सांगली गाठायला. तेरा हजारांत राखीव माणूससुद्धा आला. अठरा हजारांत तो नव्हता.

ज्यांच्या सुट्ट्या कोर्टाच्या आदेशाने वाटलेल्या आहेत, त्यांनी स्वस्त दराची तारीख शोधत बसू नये. आदेशातले दिवस आधी बघा, मुक्कामाचं गाव दुसऱ्या पालकाला लेखी कळवा, मग खोली ठरवा.

यात महाबळेश्वर नाही, पंचतारांकित नाश्ता नाही, हे मला दिसतं. तीन दिवसांत दोनच ठिकाणं बघणं वक्त्यांना गरिबीचं लक्षण वाटेल. वाटू दे. त्यांच्या सहलीत एक माणूस गृहीत धरलेला आहे, तो कोण आणि त्याचं तिकीट कुणी काढायचं, एवढं त्यांनी पुढच्या भाषणात सांगावं. टाळ्या मीही वाजवीन.