चहावाल्याचा आवाज बसत का नाही?

इटारसीसारख्या गजबजलेल्या जंक्शनवर गाडी थांबली की दोन प्रकारचे आवाज कानी पडतात. डब्याच्या दारातून नातेवाइकाला हाका मारणारा प्रवासी पाच मिनिटांत घसा बसवून घेतो. चहावाला मात्र दिवसभर ओरडूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा फलाटावर हजर असतो. दोघांच्या फुप्फुसांत फारसा फरक नसतो. फरक आहे तो आवाज घडवण्याच्या रीतीत.

गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये ही प्रवृत्ती नोंदवली. स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू न आल्याने स्वरतंतू अधिक जोराने एकमेकांवर आदळू लागतात, मान ताठते आणि घसा खवखवतो. एका कानावर तळहात ठेवला, तर स्वतःचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो आणि ही चढाओढ बरीच आवरते.

चहावाल्याच्या आरोळीत एक धारदार, किंचित अनुनासिक भासणारी झाक असते. स्वरतंतूंच्या लगेच वरची पोकळी अरुंद झाली की ३००० हर्ट्झच्या आसपासची ऊर्जा वाढते. इंजिनाची घरघर आणि गर्दीचा कल्लोळ यांचा बराचसा जोर याहून खालच्या पट्ट्यात असतो, तर माणसाचा कान नेमका २००० ते ५००० हर्ट्झमध्ये सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे तेवढ्याच श्रमात आरोळी गोंगाटाच्या वरून निघून जाते. ऑपेरा गायक ध्वनिवर्धकाविना वाद्यवृंदावर मात करतात, तेही याच पट्ट्याच्या बळावर.

या युक्तीला मर्यादा आहे. ओळखीचे दोन शब्द तिने दूरवर जातात. डब्याचा क्रमांक किंवा पत्ता मात्र कळत नाही. तिथे अंतर कमी करणे हाच उपाय. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. एका मीटरवर ६० डेसिबल असणारे साधे बोलणे पाव मीटरवर ७२ होते. तेवढी वाढ घशातून काढायची तर जवळजवळ ओरडावे लागेल. म्हणून आधी नावाने हाक मारावी, समोरच्याने वळून पाहिले की जवळ जाऊन सावकाश बोलावे आणि गाडी धडधडत जात असेल तर थांबावे.

भारतात शिक्षक, वाहक, फेरीवाले अशा असंख्य लोकांची भाकरी आवाजावर अवलंबून आहे. तरीही त्यांना मिळणारा सल्ला एकच: ‘मोठ्याने बोला.’ शिक्षक-प्रशिक्षणात फळ्यावरच्या अक्षराइतकेच स्थान आवाजाच्या वापराला मिळायला हवे. तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिलेला घोगरेपणा व्यवसायाचा भाग मानून अंगावर काढण्याची सवयही सुटायला हवी. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घेणेच योग्य.