समजून घ्या : रुग्ण निम्मे झाले, मग आजार निम्मा झाला का?

कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूर झाल्याचे भारताने डिसेंबर २००५ मध्ये जाहीर केले. निकष होता, दर १० हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. तरीही त्यानंतर अनेक वर्षे देशात दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे कुष्ठरुग्ण सापडत राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?

दोन आकडे, दोन प्रश्न

वर्षभरात किती जणांना आजार नव्याने झाला, हे सांगतो तो इन्सिडन्स. आज, या घडीला किती जण आजारी आहेत, हे सांगतो तो प्रिव्हलन्स. टाकीचे उदाहरण घ्या. नळातून पडणारे पाणी म्हणजे इन्सिडन्स, टाकीत साठलेले पाणी म्हणजे प्रिव्हलन्स. पाणी टाकीत किती वेळ थांबते, तो आजाराचा कालावधी. परिस्थिती स्थिर असेल तर हिशेब सोपा आहे :

प्रिव्हलन्स = इन्सिडन्स × सरासरी कालावधी

आता गणित करू

कुष्ठरोगाच्या सरकारी प्रिव्हलन्समध्ये उपचार सुरू असलेले रुग्णच मोजतात. औषधांचा कोर्स संपला की नाव यादीतून कमी होते. म्हणजे इथे कालावधी ठरतो तो कोर्सच्या लांबीवरून. बहुविध औषधोपचारात सौम्य प्रकाराला ६ महिन्यांचा कोर्स असतो. तीव्र प्रकाराचा कोर्स आधी २४ महिन्यांचा होता, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो १२ महिन्यांवर आला.

समजा, २० लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यात दरवर्षी २०० नवे रुग्ण सापडतात, निम्मे सौम्य, निम्मे तीव्र. जुन्या कोर्सनुसार सरासरी कालावधी १५ महिने, म्हणजे सव्वा वर्ष. यादीत २५० रुग्ण, दर १० हजारांमागे १.२५. नव्या कोर्सनुसार सरासरी ९ महिने. यादीत १५० रुग्ण, प्रमाण ०.७५. जिल्हा निकषात बसला, पण नवे रुग्ण २००च राहिले!

छोटा कोर्स ही रुग्णांसाठी चांगलीच बातमी आहे. मात्र त्यामुळे संसर्ग थांबला, असे म्हणता येत नाही.

मग पाहायचे काय?

नव्या रुग्णांचा आकडाही जपून वाचावा लागतो. या आजाराची लक्षणे दिसायला अनेक वर्षे लागू शकतात. घरोघरी शोधमोहीम घेतली की आकडा वाढतो, शोध थंडावला की घटतो. म्हणून त्यासोबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या रुग्णांत मुले किती? मुले सापडत असतील तर संसर्ग अलीकडचा आहे. आणि निदानाच्या वेळीच हातापायांत किंवा डोळ्यांत दिसणारी विकृती किती जणांना आहे? ते प्रमाण वाढले तर आपण रुग्णांपर्यंत उशिरा पोहोचतो आहोत.

एचआयव्हीत हेच गणित उलटे चालते. औषधांमुळे रुग्ण दीर्घकाळ जगतात. त्यामुळे नवे संसर्ग घटले तरी एकूण रुग्णसंख्या वाढू शकते. तिथे ते अपयश नसते.

त्यामुळे ‘रुग्ण घटले’ अशी घोषणा झाली की आरोग्य विभागाला एक प्रश्न विचारायलाच हवा : नवे किती सापडले?