स्वादुपिंडाचा दाह आणि राहून गेलेली शस्त्रक्रिया

नेरूळहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र चार पानांचें असून त्यांतील खरा प्रश्न शेवटच्या तीन ओळींत आहे. त्यांच्या अठ्ठावन्न वर्षांच्या सासूबाईंना गेल्या दिवाळीपासून दोन वेळां स्वादुपिंडाच्या तीव्र दाहामुळें रुग्णालयांत ठेवावें लागलें. पहिला झटका लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं आला आणि दुसरा माघांत. दोन्ही खेपांस घरांत तळण झालें होतें, व तें सूनबाईंनीं केलें होतें. "माझ्या हातच्या चकल्या-अनारशांनीं हें दुखणें आणलें असें घरांत बोललें जातें, तें खरें काय?" असें त्या विचारतात. पत्रासोबत दोन्ही खेपांचे कागद सासूबाईंच्या संमतीनें त्यांनीं पाठविले आहेत. ते मीं वाचले. प्रश्नाचें उत्तर त्यांत आहे, परंतु तें चकलीच्या सोऱ्यांत नसून भलत्याच ठिकाणीं आहे.

प्रथम त्या रात्रीची हकीकत पाहूं. जेवणानंतर तासाभरांत सासूबाईंच्या पोटांत, बेंबी आणि छातीचें हाड यांच्या मधोमध, दुखूं लागलें. अर्ध्या तासांत वेदना कळसास पोंचली आणि मग तेथेंच थांबली. आंतड्याचा मुरडा येतो आणि जातो. ही वेदना मात्र घटकाभरही उसंत देत नाहीं. ती सरळ पाठींत आरपार गेल्यासारखी वाटे. उताणें निजवेना, म्हणून उशी पोटाशीं धरून पुढें वांकून त्या बसून राहिल्या. चार-पांच वांत्या झाल्या, परंतु वांतीनंतर जो आराम पडतो तो पडला नाहीं. ओवा, हिंग, आम्लपित्ताचें पातळ औषध असें सारें झालें, आणि 'गॅस' म्हणून पहांटेपर्यंत वाट पाहण्यांत आली. स्वादुपिंडाच्या दुखण्याचें याहून नमुनेदार वर्णन वैद्यकाच्या पुस्तकांतही क्वचितच सांपडेल. या वयांत अशीच वेदना हृदयविकाराचीही असूं शकते, म्हणून अशा रात्रीं पहांटेची वाट पाहूं नये. रुग्णालयांत प्रथम हृदयाचा आलेख काढतात तो याच कारणास्तव.

स्वादुपिंड जठराच्या मागें, पाठीच्या कण्यास आडवें टेंकून असतें. वेदना पाठींत जाते ती त्यामुळें. अन्न पचविणारे जहाल रस तेथें तयार होतात, पण आंतड्यांत पडेपर्यंत ते निद्रिस्त असतात. ते जागच्या जागींच जागे झाले म्हणजे ग्रंथीस स्वतःलाच पचवूं लागतात. हें घडतें कसें, याचा एक धागा १९०१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें युजीन ओपी यांच्या हातीं आला. या रोगानें दगावलेल्या एका रुग्णाचें शवविच्छेदन करितांना पित्ताची नळी व स्वादुपिंडाची नळी जेथें एकत्र होऊन आंतड्यांत उघडतात, त्या मुखाशींच एक बारीकसा पित्तखडा अडकलेला त्यांस आढळला. त्यावरून त्यांनीं बांधलेल्या उपपत्तीच्या तपशिलाबद्दल पुढें पुष्कळ वाद झाले; पण पित्ताशयांतून निसटलेला खडा हें या दाहाचें एक मुख्य कारण होय, हें आज निर्विवाद आहे.

आतां कागदांकडे वळूं. रक्तांतील लायपेज नांवाच्या पाचकाची वरची मर्यादा ६० असतां सासूबाईंचा आंकडा २१४० होता. नमुनेदार वेदना, मर्यादेच्या तिपटीहून अधिक लायपेज अथवा अमायलेज, आणि चित्रांत दिसणारा दाह, या तिहींपैकीं दोन गोष्टी जुळल्या म्हणजे निदान ठरतें. तेव्हां तें पहिल्याच तासांत ठरलें. यकृताचा एएलटी हा आंकडा ३१० होता. दाहाच्या आरंभीं हा आंकडा १५०च्या वर असला कीं बोट बहुधा पित्तखड्याकडेच जातें. सोनोग्राफींत पित्ताशयांत तीन ते चार मिलिमीटरचे पुष्कळ खडे दिसले. पत्रांत एक वाक्य आहे, "खडे अगदीं लहान आहेत, म्हणून आम्ही निश्चिंत झालों." येथें गैरसमज झाला. मोठा खडा पित्ताशयांतच पडून राहतो. नळींत घसरून मुखापर्यंत पोंचावयास खडा लहानच असावा लागतो. स्वादुपिंडाच्या दृष्टीनें बारीक खडे अधिक घातक.

पहिल्या खेपेचे उपचार मात्र मला बरे वाटले. या रोगावर दाह शमविणारें असें खास औषध अद्याप नाहीं. शिरेवाटे पाणी, वेदनाशमन आणि बारीक लक्ष, हाच पहिल्या दोन दिवसांचा उपचार. पूर्वीं सलाइन अक्षरशः ओतीत असत. २०२२ सालीं एक मोठा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत भरमसाट द्रव दिलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें २० जणांच्या अंगांत पाणी सांचलें, तर बेतानें दिलेल्यांत शेंकडा ६ जणांच्या, आणि भरमसाट द्रवानें रोग कांहीं सौम्य झाला नाहीं. आतां किलोमागें ताशीं दीड मिलिलिटर अशा बेतानें रिंगर लॅक्टेट देतात. सासूबाईंचें वजन ६० किलो. म्हणजे ताशीं ९० मिलिलिटर, दिवसास दोन लिटरांहून थोडें अधिक. अंग आधींच कोरडें पडलें असेल तर आरंभीं एक मोठी मात्रा निराळी द्यावी लागते. लघवी किती होते, नाडी व श्वास कसे आहेत, हें पाहून हें प्रमाण पुनःपुन्हां बदलतात. म्हणून लघवीचें माप लिहिणाऱ्या परिचारिकेस कोणी हटकूं नये. त्या रात्रीं तिची वही फार महत्त्वाची असते.

वेदनाशामक जोरदार दिल्यास रोग झांकला जाईल, अशी भीति सासरेबुवांना वाटली. ती जुनी समजूत होय. निदान ठरल्यावर वेदना सोसण्यांत कांहीं लाभ नाहीं. दुसरी तक्रार अशी कीं, "प्रतिजैविकें दिलीं नाहींत." जंतूंचा पुरावा नसतां तीं न देणें हेंच योग्य. तिसरी काळजी लायपेजची. घरची मंडळी रोज त्याचा आंकडा विचारीत होती. तो निदानापुरताच उपयोगी. त्याच्या चढउतारावरून रोग किती गंभीर आहे हें कळत नाहीं. तें कळतें फुप्फुसें, मूत्रपिंडें आणि रक्तदाब यांवरून. हीं ठीक राहिलीं तर रोग सौम्य, आणि दर पांच रुग्णांत सुमारें चौघांचा तो सौम्यच असतो. यांपैकीं एखादें इंद्रिय ४८ तासांनंतरही ढासळलेलेंच राहिलें तर रोग गंभीर समजून अतिदक्षता विभाग गांठावा लागतो. ग्रंथीचा भाग मृत झाला आणि त्यांत पुढें जंतु शिरले, तरी हल्लीं शस्त्र चालविण्याची घाई करीत नाहींत. शक्य तर चार आठवडे थांबून, मृत भागाभोंवतीं भिंत बनूं देऊन, प्रथम नळीनेंच पू काढतात.

अन्नासंबंधीं मात्र आपल्या घरांस धक्का बसतो. लंघनावर आपली श्रद्धा मोठी. पूर्वीं डॉक्टरही आठ-आठ दिवस उपाशी ठेवीत. आतां उलट्या थांबल्या आणि भूक लागली कीं दुसऱ्या दिवशींच मऊ, स्निग्धांश कमी असलेलें अन्न देतात, कारण रिकाम्या आंतड्याचें अस्तर दुबळें होऊन तेथील जंतु रक्तांत शिरतात. सासूबाईंना तिसऱ्या दिवशीं मऊ भात व वरण मिळालें, आणि पांचव्या दिवशीं त्या घरीं आल्या.

आणि येथेंच चूक झाली. घरीं पाठवितांना दिलेल्या कागदावर शेवटीं लिहिलें आहे, "पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठीं पुढें सवडीनें भेटावें." रोग सौम्य होता, दुखणें थांबलें होतें, खडे मात्र जेथल्या तेथें होते. सौम्य दाहांत पित्ताशय त्याच मुक्कामांत, घरीं जाण्यापूर्वीं, दुर्बिणीनें काढून टाकावें हें आज सर्वमान्य आहे. २०१५ सालीं नेदरलंड्समधील रुग्णालयांनीं हें पडताळून पाहिलें. ज्यांची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबविली त्यांपैकीं शेंकडा १७ जणांस खड्यांच्या उपद्रवामुळें पुन्हां दाखल व्हावें लागलें अथवा मृत्यु आला. ज्यांची त्याच मुक्कामांत केली त्यांत शेंकडा ५. सासूबाईंच्या बाबतींत 'सवडी'चे तीन महिने झाले. दाह गंभीर असता, पोटांत पाणी सांचलें असतें, तर निदान सहा आठवडे थांबणें रास्त ठरलें असतें. येथें तसें कांहीं नव्हतें. शस्त्रक्रियेस शरीर असमर्थ असेल तर दुर्बिणीनें पित्तनळीचें मुख रुंद करून ठेवण्याचाही मार्ग आहे. तो पित्ताशय काढण्याइतका पुरा नव्हे, पण स्वादुपिंडास बरेंच संरक्षण देतो.

आतां त्या तीन ओळींचें उत्तर. भगिनी, स्निग्ध जेवणानें पित्ताशय आंकुंचन पावतें, आणि त्या आंकुंचनांत एखादा खडा बाहेर ढकलला जाऊं शकतो, इतकेंच तुमच्या तळणाकडे येतें. पण ते खडे कांहीं दिवाळीच्या आठवड्यांत बनले नाहींत. ते वर्षानुवर्षें बनत असतात. एखादे दिवशीं साध्या दहीभातावरही हेंच घडलें असतें. शिवाय पहिल्या झटक्यानंतर तीन महिने तुम्हीं तेल मोजून घातलें असें लिहितां, तरी दुसरा झटका यावयाचा तो आलाच. घरांत हा परिच्छेद खुशाल वाचून दाखवा.

पत्रांत आणखी एक तक्रार आहे. डॉक्टरांनीं सासूबाईंना मद्याबद्दल विचारलें, आणि सर्वांस अपमान वाटला. तो मानूं नये. पित्तखड्यांच्या जोडीचें दुसरें मोठें कारण मद्यच आहे, आणि हा प्रश्न सर्वांसच विचारावा लागतो. आपल्या घरांतून खोटें उत्तर मिळतें तें बहुधा सासूबाईंच्या बाबतींत नव्हे, चिरंजिवांच्या वा जांवईबापूंच्या बाबतींत. रोज सुमारें ५० ग्रॅम अल्कोहोल पांच वर्षें पोटांत गेलें म्हणजे तें कारण धरण्यासारखें होतें. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगांत अल्कोहोल सुमारें १० ग्रॅम. म्हणजे रोजचे पांच. आई शेजारीं उभी असतां "कधींमधीं, समारंभास" असें सांगितलें जातें, आणि खडे सांपडत नाहींत म्हणून तपासण्यांवर तपासण्या होतात. अशा वेळीं वडील मंडळींनीं दोन मिनिटें खोलीबाहेर जावें. डॉक्टरांस खरें उत्तर मिळतें.

सासूबाईंच्या शस्त्रक्रियेचा दिवस येत्या पंधरवड्यांत ठरला आहे असें पत्राच्या ताज्या कलमांत आहे. तोंवर तळण वगळून नेहमीचें जेवण चालूं द्यावें; उपास मात्र करवूं नयेत, कारण दीर्घकाळ रिकामें ठेवलेल्या पित्ताशयांत पित्त सांकळतें. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, किंवा ती पाठींत जाणारी वेदना अर्ध्या तासाहून अधिक टिकली, तर तारखेची वाट न पाहतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि दोन्ही खेपांचे कागद बरोबर न्यावेत. पहिल्या कागदावरील एएलटीच्या आंकड्याखालीं मीं पेन्सिलीनें रेघ ओढली आहे. डॉक्टरांस तो प्रथम दाखवावा.